हातचं काम | महाराष्ट्रातल्या कारागिरांच्या मराठी मुलाखती

शोबद्दल

पैठणी विणणारे, कोल्हापुरी चप्पल शिवणारे, घोंगडी विणणारे, मिरजेत सतार-तंबोरे बनवणारे. हातचं काम या मराठी पॉडकास्टमध्ये आपण या कारागिरांशी त्यांच्याच घरात, त्यांच्याच मागापाशी बसून गप्पा मारतो. वस्तू खरी कशी ओळखायची, ती बनते कशी, तिची किंमत एवढी का, घरी आणल्यावर जपायची कशी, हे प्रश्न आपण सगळे दुकानात उभं राहून दुकानदाराला विचारतो. इथे ते ज्यांच्या बोटांनी वस्तू बनवली त्यांना विचारलेत आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत आहे, मध्ये कुणी समजावून सांगायला नाही.

दर दुसऱ्या शनिवारी सकाळी नवीन मुलाखत, साधारण पाऊण तासाची. पाहुण्यांची नावं आणि त्यांची गावाकडची ओळख त्यांच्याच तोंडून एपिसोडच्या सुरुवातीला ऐका. सर्चमध्ये इंग्रजी अक्षरांत hatacha kaam किंवा hatcha kaam टाकलं तरी हाच शो.

---

ट्रेलर | हातचं काम: हस्तकलेवरचा नवीन मराठी पॉडकास्ट, पहिली मुलाखत येवल्यातून

दोन मिनिटं दहा सेकंद. यात मी फार बोलत नाही, चार आवाज आहेत फक्त. येवल्यातल्या हातमागाचा, चामड्यावर पडणाऱ्या हातोडीचा, लोकर पिंजतानाचा आणि मिरजेत तंबोऱ्याची जवारी लागते त्या क्षणाचा. कुठला आवाज कशाचा ते ओळखा आणि कमेंटमध्ये लिहा. फॉलो करून ठेवा म्हणजे पहिला एपिसोड आल्या आल्या दिसेल.

---

एपिसोड १ | खरी पैठणी कशी ओळखायची? हातमाग आणि सेमी पैठणीतला फरक, येवल्याच्या विणकर मावशींकडून

लग्नाचा बस्ता काढायला निघालात, बजेट ठरलंय, आणि दुकानात एकसारख्या दिसणाऱ्या दोन पैठण्या समोर ठेवल्यात, एक काही हजारांची आणि एक तिच्या दहापट. फरक काय? नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात तीस वर्षं मागावर बसणाऱ्या मावशी पहिल्या पाच मिनिटांतच सांगतात की पदर उलटा कर. हातमागावरच्या पैठणीचा पदर मागूनही तसाच दिसतो, मोर तोच, रंग तेच, धागे लोंबकळत नाहीत, कारण प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या छोट्या तिल्लीवर असतो आणि जिथे तो रंग संपतो तिथे तो शेजारच्या धाग्यात अडकवून परत फिरवतात. सेमी पैठणीत मागच्या बाजूला एका बुट्टीपासून दुसऱ्या बुट्टीपर्यंत धागे तरंगत गेलेले दिसतात नाहीतर कापून टाकलेले असतात. एवढं एक पाहिलंत तरी निम्मं काम झालं.

मग आम्ही काठावर आलो. काठ आणि अंग यांचे धागे एकमेकांत गुंतवतात त्याला कडियल म्हणतात, दोन्ही काठांना आणि मधल्या अंगाला वेगवेगळे धोटे चालतात. मावशी बोलता बोलता हे करून दाखवत होत्या, त्यांनी बोलणं थांबवलं नाही आणि हातही थांबला नाही, ताण्याचे धागे बोटांच्या पेरांनी मोजत होत्या आणि मला उत्तरही देत होत्या. १२ व्या मिनिटाला मधेच एक शांतता आहे, ती आम्ही मुद्दाम एडिट केली नाही. एक धागा तुटला होता, त्यांनी तो चिमटीत धरून गाठ मारली, फणी ओढली आणि मग म्हणाल्या, हं, काय विचारत होतीस?

डिझाईनवर भरपूर बोललोय. बांगडी मोर म्हणजे बांगडीसारख्या गोलात बसलेला मोर, आसावली म्हणजे फुलांची वेल, मुनिया म्हणजे हिरवा राघू, नारळी काठ वेगळा. नाव पैठणचं, गोदाकाठच्या पैठणचं, आणि आज येवलं हे विणकामाचं मोठं गाव, हे कसं झालं तेही आहे. जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेलं नाव आहे हे, तरी पॉवरलूमवरची साडी त्याच नावाने विकली जाते आणि त्यावर मावशी जे बोलल्या ते मला तसंच्या तसं तुमच्यापर्यंत पोचवायचं होतं, म्हणून हा एपिसोड पहिला.

00:00 मावशींची ओळख, घरातला माग
04:50 पदर उलटा करून पाहा
09:15 कडियल काठ म्हणजे काय
12:05 धागा तुटला तेव्हा
17:30 बांगडी मोर, आसावली, मुनिया, नारळी
24:10 एका पैठणीला किती दिवस लागतात, त्यातले किती फक्त पदरात जातात
31:40 रेशीम खरं की पॉलिस्टर: धागा जाळून बघायची पद्धत, सिल्क मार्कचं लेबल
36:20 पैठणी ठेवायची कशी, घडी किती दिवसांनी बदलायची
41:00 मजुरी, दलाल आणि मावशींच्या मुली

ऐकताना धागा जाळायच्या भागात घाई करू नका. साडी जाळायची नाहीये, टोकाचा एकच सुटा धागा घ्यायचा, रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चुरडली जाते, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. दुकानात हे करायला कुणी देणार नाही, घरी आणल्यावर करा, आणि बिलावर हातमाग, शुद्ध रेशीम असं लिहून घ्या.

---

एपिसोड २ | ओरिजिनल कोल्हापुरी चप्पल कशी ओळखायची? चप्पल चावते तेव्हा काय करायचं? कोल्हापूरच्या कारागीर दादांशी गप्पा

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि आठवडाभर सगळीकडे कोल्हापुरीच कोल्हापुरी झालं. तेव्हा टीव्हीवर बोलणारे खूप होते, शिवणारे फारच कमी दिसले. म्हणून मी चप्पल शिवणाऱ्या दादांकडे गेले, त्यांच्या बाबांच्या काळची आरी आणि ठोकायचा दगड अजून वापरात आहे.

खऱ्या कोल्हापुरीत खिळा नसतो, चामड्याच्याच वादीने शिवलेली असते. चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं म्हणून त्याला तो वास येतो, नाकाजवळ धरली की केमिकलचा किंवा रेक्झिनचा वास आला तर ठेवून द्या परत. तळ, पट्टा, अंगठा, कान, एकेक भाग दादांनी माझ्या हातात देऊन समजावलाय, आवाजावरून कळेल. कापशी आणि कुरुंदवाडी यातला फरकही आहे, गावांवरून पडलेली नावं.

जीआय टॅग २०१९ मध्ये मिळाला, तो एकट्या कोल्हापूरचा नाही, इकडे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे. त्यावर दादांचं मत ऐका, बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीच्या कारागिरांबद्दल ते फार आदराने बोलले. २०१५ च्या गोवंश हत्याबंदीनंतर चामडं मिळायला कशी अडचण झाली तेही मोकळेपणाने सांगितलंय.

00:00 सुभाषनगरमधलं घर
06:20 वास, शिवण, वजन: तीन गोष्टी बघा
13:45 चामडं कसं कमावतात
21:00 कापशी, कुरुंदवाडी, करकर वाजणारी चप्पल
27:30 नवीन कोल्हापुरी चावते, काय करायचं
33:10 प्राडा प्रकरणानंतर ऑर्डरी वाढल्या का
39:50 पोरगा या धंद्यात यावा का

चप्पल चावते त्याचं उत्तर इथेच देते कारण सगळ्यात जास्त विचारलं गेलेलं तेच आहे: आतून पट्ट्याला आणि अंगठ्याला खोबरेल किंवा एरंडेल लावून रात्रभर ठेवा, पहिले चार दिवस घरातल्या घरात तासभर घाला, आणि पावसात अजिबात नको. भिजलीच तर उन्हात टाकू नका, सावलीत वाळवा.

---

एपिसोड ३ | हाताने विणलेली घोंगडी: लोकर, चिंचोक्याची खळ, घोंगडी धुवायची कशी?

छोटा एपिसोड, सव्वीस मिनिटं. पट्टणकोडोलीचं नाव तुम्ही विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेमुळे ऐकलं असेल, भंडाऱ्याने पिवळं झालेलं गाव. आम्ही यात्रा नसताना गेलो आणि घोंगडी विणणाऱ्या आजोबांबरोबर बसलो. धनगरांनी मेंढ्यांची लोकर कातरायची, घरच्या बायकांनी सूत कातायचं, सणगरांनी खड्ड्यातल्या मागावर विणायचं, अशी ही साखळी. ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात म्हणून नवी घोंगडी कडक लागते आणि टोचते, ते खराब असल्याचं लक्षण नाही. काळी घोंगडी न रंगवता काळीच असते कारण मेंढीच काळी.

00:00 आजोबांचा माग
05:40 दख्खनी मेंढीची लोकर
11:15 खळ का लावतात
16:30 हातमागाची घोंगडी आणि मिलचं ब्लँकेट
21:00 धुणं, कसर लागू नये म्हणून काय करायचं

---

एपिसोड ४ | तंबोरा कसा बनतो? जवारी म्हणजे काय? मिरजेच्या सतार-तंबोरा कारागिरांची मुलाखत

गाणं शिकणाऱ्या प्रत्येकाने, आणि घरात आजीचा तंबोरा खोळीत पडून असलेल्या प्रत्येकाने हा एपिसोड ऐकावा असं मला मनापासून वाटतं.

मिरजेत वाद्यं बनवणारी घराणी मूळची शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारी. हत्यारांचं काम संपत गेलं आणि तेच हात लाकडाकडे वळले. पुढे गायकांचं येणं-जाणं वाढलं, अब्दुल करीम खाँसाहेब इथेच राहिले, मिरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मिळाला. हे सगळं काकांनी काम करता करता सांगितलं, हातात भोपळा होता.

तो भोपळा सोलापूर, पंढरपूर भागातून येतो, वेलीवर नीट वाढू देऊन महिनोन्महिने वाळवलेला. काका भोपळ्यावर टिचकी मारतात आणि दोन टिचक्यांत नको म्हणतात किंवा ठेवतात. मला दोन्हीत काही फरक कळला नाही, १५ व्या मिनिटाला हेडफोन लावून ऐका, दुसऱ्यांदा ऐकल्यावर कळतो.

आणि मग जवारी. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा वरचा भाग कानसेने इतका हलका घासायचा की तार त्यावर नुसती टेकून सरपटली पाहिजे, मग तारेखाली सुताचा धागा सरकवायचा. धागा नसताना तार टण्ण वाजते आणि बंद होते. धागा केसभर पुढे गेला की तीच तार उमलते, एका सुरातून दहा सूर निघायला लागतात. आम्ही माईक तंबोऱ्यापासून एक वीत लांब ठेवला होता, ३२:१० ते ३४:४० एक शब्दही नाही, फक्त काका धागा सरकवतायत.

00:00 मिरजेतली वाद्यांची गल्ली
07:25 शिकलगार ते वाद्य कारागीर
14:50 भोपळा निवडताना
22:00 लाकूड, सांधे, नक्षी
29:30 जवारी म्हणजे काय
32:10 जवारी लागताना, हेडफोन लावा
35:00 जुना तंबोरा दुरुस्त होतो का, काय बघायचं
40:15 इलेक्ट्रॉनिक तानपुरा आल्यावर काय झालं
44:30 काकांचा पुतण्या काय शिकतोय

जुना तंबोरा असेल तर तारा सैल करून ठेवा, भिंतीला टेकवून उभा ठेवू नका, आणि भोपळ्याला तडा दिसला तर फेविकॉल भरू नका, तसाच घेऊन जा. काका म्हणाले, भोपळा सांधता येतो पण आधी कुणी चिकटवलेला असला की तो गोंद काढण्यातच दोन दिवस जातात.