सईच्या रिसेप्शनला मामाचे दोन शब्द

हॅलो हॅलो... मागे आवाज येतोय का? त्या आईस्क्रीमच्या काउंटरपर्यंत? येतोय म्हणतायत, म्हणजे आता कोणाला सुटका नाही.

मंडळी नमस्कार, और लखनऊ से आए हुए सब मेहमानों को भी मेरा नमस्कार. मी सईचा मामा. दुपारी हिला मांडवात आणून उभं करायचं काम माझं होतं, ते झालं, मी मोकळा झालो म्हणून जरा कुठे बसलो तर हिच्या मैत्रिणी आल्या, म्हणे मामा आता तुम्ही टोस्ट करा. अगं म्हटलं मी आयुष्यभर टोस्ट चहात बुडवून खाल्लाय, माईकवर उभं राहून कधी केलेला नाही. तरी म्हणे ग्लास घ्या हातात आणि बोला. तर हा ग्लास. यात द्राक्षाचा ज्यूस आहे. नाशिक म्हटलं की लोकांना लगेच वेगळंच सुचतं, दाजी तुम्ही वाकून वास घेऊ नका, ज्यूसच आहे.

तर हे लग्न ठरल्यापासून मला रात्री झोप नव्हती आणि कारण हुंडा नाही, हॉल नाही, कारण भाषा. आमच्या घरात हिंदी फक्त रिक्षावाल्याशी आणि कस्टमर केअरशी बोलतात. आणि व्याही कोण, तर हिंदीचे रिटायर्ड मास्तर! साधं नाही, एकदम शुद्ध हिंदी. तिथेच सगळा घोळ झाला.

पहिल्या बैठकीला गुरुजी आमच्या घरी आले, चहा झाला, पोहे झाले, आणि अगदी प्रेमाने विचारलं, "बिटिया की शिक्षा कहाँ हुई?" आमची जिजी, म्हणजे सईची आजी, कोपऱ्यात बसली होती, ती ताडकन म्हणाली, "आमच्या पोरीने काय केलंय शिक्षा व्हायला?" मी कसंबसं सांगितलं की जिजी, ते शिक्षण विचारतायत. तेवढ्यात गुरुजी पुढे म्हणाले, "चिंता न करें, विवाह के बाद भी शिक्षा जारी रहेगी." आता यावर आमचे दाजी एवढ्या खालच्या आवाजात "ते तर खरंच आहे" म्हणाले की फक्त ताईला ऐकू गेलं, आणि त्याची शिक्षा त्यांना आठवडाभर झाली, मराठीतली.

आणि निघताना गुरुजींनी हात जोडले, डोळ्यात पाणी, म्हणाले, "हम बिटिया को प्रसन्न रखने की पूरी चेष्टा करेंगे." आमच्या बाजूचे बारा लोक एकमेकांकडे बघायला लागले. पूरी चेष्टा! अहो आमच्याकडे चेष्टा करायला मामा आहे ना, त्यासाठी लखनौहून माणूस कशाला मागवायचा. गुरुजी, बुरा मत मानिए, हिंदीतली तुमची चेष्टा आम्हाला मान्य आहे, मराठीतली मी बघून घेतो.

जिजीवरून आठवलं. लखनौकडे जीजी म्हणजे मोठी बहीण. त्यामुळे कालपासून पाहुण्यांमधली सगळी मोठी माणसं आमच्या ऐंशी पार केलेल्या म्हातारीला जीजी जीजी करून बहिणीसारखं वागवतायत, आणि ती पण इतकी खूश आहे की कोणालाही काही समजावून सांगत नाहीये. आणि मी माझ्या बहिणीला ताई म्हणतो तर त्यांना वाटतं ती माझी मोठी काकू आहे. ताई, असू दे, मान वाढला तुझा.

साखरपुड्याला तर जिजीचा बीपीच वाढला असता. सई पार्लरमधून यायला उशीर झाला होता, सगळे दाराकडे डोळे लावून बसलेले आणि अनुरागची छोटी बहीण धावत आत आली ओरडत, "सई आई! सई आई!" जिजी माळ टाकून उठली, "अगं बाई, आधी लग्न तर होऊ द्या गं!"

हां, हसा, पण विहीणबाई आणि आमच्या ताईचं फोनवरचं बोलणं तुम्ही ऐकलेलं नाही. दोघी रोज बोलतात, दोघींना एकमेकींचं अर्धं कळतं, आणि दोघी उरलेल्या अर्ध्यावर जास्त खूश असतात. लाडवांची तयारी चालू होती, ताई म्हणाली, "क्या बताऊं, पीठ मळ मळ के मेरी पाठ दुख गई." आता हिंदीत पीठ म्हणजे पाठ, आणि पाठ म्हणजे पोथी वाचतात तो. विहीणबाईंना वाटलं ही बाई स्वतःची पाठ चोळता चोळता रामायणाचा पाठ करते आहे. दुसऱ्या दिवशी कुरियरने काय आलं? एक मालिशचं तेल आणि एक सुंदरकांड! ताईने दोन्ही ठेवून घेतलं.

आज सकाळचीच गोष्ट घ्या. फेब्रुवारीची थंडी, पाहुणे हॉलवर कुडकुडत बसलेले, आमचे दाजी आपुलकीने म्हणाले, "अरे अंदर क्यों बैठे हो, बाहर ऊन में बैठो, अच्छा लगेगा." अनुरागचे फूफाजी शांतपणे स्वेटर दाखवून म्हणाले, "भाईसाहब, ऊन तो हम लखनऊ से ही पहनकर आए हैं."

मग त्यांना फिरायला पाठवलं. ड्रायव्हर आमचा पंचवटीतला, तो म्हणाला, "चलो, पहले गंगा पे लेके जाता." फूफाजी घाबरले, म्हणाले गंगा तो उधर कानपुर में है, शाम तक लौटेंगे कैसे? तर पाहुण्यांनो, इथे गोदावरीलाच सगळे गंगा म्हणतात, गंगेवर भाजीबाजार भरतो, गंगेच्या पाण्यावर धरण बांधलं त्याचं नाव गंगापूर धरण. दक्षिण की गंगा है, आप का पानी पराया नहीं. आणि येताना गाडी द्वारका चौकात अडकली तेव्हा गुरुजींनी विचारलं, "यहाँ का यातायात हमेशा ऐसा है?" गुरुजी, तुमच्यात यातायात म्हणजे ट्रॅफिक, आमच्यात यातायात म्हणजे जिवाची तडफड, धावपळ, हाल. द्वारकेला दोन्ही डिक्शनऱ्या एकत्र येतात.

तिथून मिसळ खायला. आता मिसळ म्हटल्यावर त्यांनी ऐकलं मिसाल. "नाशिक की मिसाल नहीं," असं कोणीतरी पहिला घास घेऊन म्हणालं. मी म्हटलं नहीं कैसे, है ना, अभी तो खाया, रस्सा और मंगाऊं क्या? नंतर कळलं की कौतुक होतं. तोपर्यंत तर्री वाढली होती आणि फूफाजींच्या डोळ्यातून पाणी येत होतं, त्यामुळे दोन्ही अर्थ जमून गेले.

आता थोडं इतिहासात जाऊ, दोनच मिनिटं, केटररने अजून हात दाखवलेला नाही. लखनौ म्हणे लक्ष्मणाने वसवलेलं, लक्ष्मणपुरी. बरोबर ना गुरुजी? आणि आमच्या गावाचं नाव कशावरून, तर नासिका, म्हणजे नाक. का, तर शूर्पणखेचं नाक इथे पंचवटीत कापलं. कोणी कापलं? लक्ष्मणाने! म्हणजे लखनौवाले मागच्या वेळी आमच्याकडे आले ते नाक कापून गेले. त्यामुळे आज एवढी मोठी बारात गंगापूर रोडवर वळली तेव्हा मी आधी नाकाला हात लावून बघितला. पण काय सांगू, इतकी गोड माणसं, जेवायला वाढायचं तर पहले आप पहले आप करत उभे, आमचे नाशिककर त्या वेळात दोनदा वाढून घेऊन बसले. नाक कापणं हिंदीतही तेच आणि मराठीतही तेच, त्यात काही घोळ नाही, आणि पनीर संपलं तेव्हा ते दोन्ही भाषांत झालंच असतं, पण एकानेही तोंड वाकडं केलं नाही. हे मी मनापासून सांगतोय.

आता नवरा नवरी. पोरीचं नाव सई. लखनौची पोरं भराभर बोलली की "सही है" चं "सई है" होतं. म्हणजे सासरी दिवसातून शंभर वेळा हिचा जप चालणार आणि हिला वाटणार मला हाक मारतायत. आणि गुरुजींनी मला एक सांगितलं ते मला माहीतच नव्हतं, की तिकडे सई नावाची नदीच आहे आणि ती पुढे जाऊन गोमतीला मिळते. आणि लखनौ कुठे, तर गोमतीवर! अहो आम्ही नाव ठेवलं तेव्हा बारशाला कोणाला भूगोल ठाऊक होता. ताई, पत्रिका जुळते की नाही बघायला एवढे पैसे घातले, नकाशा बघितला असता तरी चाललं असतं.

आणि जावयाचं नाव अनुराग. हिंदीत प्रेम. मराठीत आम्हाला त्यातला नुसता राग दिसतो. आता अनु म्हणजे मागोमाग, हे मला संस्कृतमध्ये पस्तीस मार्क होते तरी आठवतंय. म्हणजे पुढे सईचा राग आणि त्याच्या मागोमाग हा. मी स्वतः बघितलंय. शॉपिंगला गेलो होतो, शालूवरून ही चिडली, मराठीत जे सुरू झाली, मला म्हणाली, "मामा, मला राग आलाय." आणि हा पठ्ठ्या विचारतो, "कौन सा?" अर्धा मिनिट दुकानदारसुद्धा शांत. मग हसली. मला खरं सांगायचं तर तेव्हाच झोप लागायला लागली. कारण माझी भीती अशी होती की ही बडबडी पोर परक्या भाषेत गप्प होऊन जाईल. कसली गप्प होते! ही भांडते मराठीत, तो उत्तर देतो हिंदीत, आणि एकही शब्द वाया जात नाही.

बरं, केटररने हात दाखवला. एकच राहिलं. कॉलेजात असताना वर्षभर सईने याला, हिंदीत म्हणतात तसं, घास नहीं डाली. बघायची सुद्धा नाही. आमच्याकडे बायकोने नवऱ्याला घास भरवायचा असतो, नवऱ्याने बायकोला, आणि ते दुपारी पंगतीत फोटोवाल्याच्या घाईत राहून गेलंय. त्याआधी उखाणा. अनुरागने मराठीत पाठ केलाय, काल प्रॅक्टिसमध्ये शेवटची ओळ "लागली माझी वाट" अशी म्हणत होता, कोणी शिकवलं ते मला माहितीये, नंतर बघतो एकेकाला. खरा असा आहे: नाशिकची मिसळ, लखनौची चाट, सईचं नाव घेतो, सोडा आता वाट.

तर उभे राहा सगळे, ग्लास वर, ज्यांच्याकडे मठ्ठा आहे त्यांनी मठ्ठा, सई आणि अनुरागच्या नावाने! और गुरुजी, आप भी. आणि जावईबापू, जिलबी समोर आहे, माईक घ्या, नाव घ्या, आणि अख्ख्या लखनौसमोर आमच्या पोरीला घास डालिए.