सुरक्षितता प्रमाणपत्र चाचणी: गोदाम आणि मेंटेनन्स विभाग

या आठवड्यातल्या सेफ्टी प्रशिक्षणात दाखवलेल्या ३६ स्लाइडवरून ही चाचणी तयार केली आहे. प्रश्न ९, गुण २५, वेळ २५ मिनिटं. उत्तीर्ण होण्यासाठी २० गुण हवेत. त्याशिवाय प्रश्न १ आणि २ पूर्ण बरोबर यायलाच हवेत. बाकी सगळं बरोबर असलं तरी या दोनपैकी एक चुकला, तर प्रमाणपत्र मिळणार नाही. कारण उघड आहे: तिथली चूक म्हणजे चालू मशीनमध्ये गेलेला हात.

पहिल्या सहा स्लाइडवर धोरण, उद्देश आणि व्याख्या आहेत. त्यांवर प्रश्न नाही. व्याख्या पाठ असलेला माणूसही घाईत गार्ड काढून हात घालतो, म्हणून इथे प्रत्येक वेळी तुम्ही नेमकं काय कराल तेच विचारलं आहे. प्रश्नापुढे स्लाइडचा क्रमांक आहे. उत्तर चुकलं तर ती स्लाइड परत पाहा. प्रश्नाची भाषा समजली नाही तर परीक्षकाला विचारा, त्याचे गुण कापले जात नाहीत.

प्रश्न १ (अनिवार्य, ४ गुण, स्लाइड ९ ते १२)
पॅकिंग लाइनच्या कन्व्हेअरच्या रोलरमध्ये खोक्याचा तुकडा अडकला आहे. गेट हवेच्या दाबावर उघडतं. तुकडा काढण्याआधीच्या कामांचा योग्य क्रम लिहा. अर्धवट बरोबर क्रमाला गुण नाहीत.
अ) आयसोलेटर आणि हवेचा व्हॉल्व्ह या दोन्हींना स्वतःचं कुलूप आणि टॅग लावणे
ब) स्टार्ट बटण दाबून मशीन खरंच चालू होत नाही ना, ते तपासणे
क) आसपासच्यांना सांगून स्टॉप बटणाने कन्व्हेअर थांबवणे
ड) लाइनमध्ये साठलेला हवेचा दाब सोडणे
इ) वीज आणि हवा दोन्हींचा पुरवठा तोडणे

प्रश्न २ (अनिवार्य, ३ गुण, स्लाइड १३)
शिफ्ट बदलली. आयसोलेटरवर आधीच्या शिफ्टमधल्या सहकाऱ्याचं कुलूप तसंच आहे, तो दिसत नाही. लाइन सुरू करायची घाई आहे. तुम्ही काय कराल?
अ) कुलूप कापून लाइन सुरू कराल, कारण काम झालेलं दिसतं आहे
ब) शिफ्ट इन्चार्जला कळवाल, कुलूप तुम्ही स्वतः काढणार नाही
क) टॅगवर तुमचं नाव घालून कुलूप काढाल
ड) टूल रूममधली डुप्लिकेट किल्ली वापराल

प्रश्न ३ (२ गुण, स्लाइड ७)
ग्राइंडिंगच्या जागी आठ तासांची सरासरी पातळी ९० डेसिबल आहे. यातला सर्वांत प्रभावी उपाय कोणता?
अ) इअरप्लग वाटणे
ब) "आवाज जास्त आहे" असा फलक लावणे
क) हे काम कमी आवाजाच्या मशीनवर हलवणे
ड) कामगारांच्या पाळ्या बदलणे

प्रश्न ४ (२ गुण, स्लाइड १८)
इलेक्ट्रिक पॅनेलमधून ज्वाळा येत आहेत, वीज चालूच आहे. आग लहान आहे, अलार्म वाजवला आहे आणि बाहेर पडायची वाट तुमच्या पाठीमागे मोकळी आहे. कोणतं अग्निशामक घ्याल?
अ) पाण्याचं
ब) फोमचं
क) कार्बन डायऑक्साइडचं

प्रश्न ५ (१ गुण, स्लाइड १९)
अग्निशामकाचा मारा कुठे करायचा: ज्वाळांच्या टोकावर, धुरावर की आगीच्या बुडाशी?

प्रश्न ६ (२ गुण, स्लाइड २२)
भिंतीला टेकवलेली शिडी जमिनीपासून ४ मीटर उंचीवर टेकली आहे. पाया भिंतीपासून किती अंतरावर हवा?
अ) अर्धा मीटर
ब) १ मीटर
क) २ मीटर

प्रश्न ७ (५ गुण, स्लाइड २६ आणि २७)
सफाई कामगार बॅटरी रूममध्ये आहे. पिण्याच्या पाण्याच्या जुन्या बाटलीत ठेवलेलं द्रव त्याच्या डोळ्यात उडतं. बाटलीवर लेबल नाही. दोन भागांत उत्तर लिहा. पहिला (३ गुण): पहिल्या मिनिटात काय कराल, आणि ते किती वेळ चालू ठेवाल? दुसरा (२ गुण): असा प्रसंग पुन्हा येऊ नये म्हणून बाटलीबाबत काय नियम पाळायला हवा होता?

प्रश्न ८ (२ गुण, स्लाइड ३०)
लोड घेतलेली फोर्कलिफ्ट उतारावरून खाली आणायची आहे. कशी आणाल?
अ) पुढे तोंड करून, फोर्क वर उचलून
ब) रिव्हर्समध्ये, लोड चढाच्या बाजूला ठेवून
क) न्यूट्रलमध्ये, ब्रेकवर

प्रश्न ९ (४ गुण, स्लाइड ३४)
रॅकच्या वरच्या कप्प्यातून पॅलेट घसरलं आणि तुमच्यापासून हातभर अंतरावर पडलं. कुणाला लागलं नाही, माल फुटला नाही. पुढचा अर्धा तास तुम्ही काय काय कराल? चार ओळींत लिहा.

उत्तरं आणि कारणं (चाचणी संपल्यावर सगळ्यांसमोर वाचायची)

१: क, इ, अ, ड, ब. बहुतेक चूक "ब" ला होते, कारण कुलूप लागलं की काम झालं असं वाटतं. पण चुकीच्या आयसोलेटरला कुलूप लागलेलं असू शकतं, ते फक्त चाचणीत कळतं. तपासून झालं की स्विच परत बंद स्थितीत आणायचा.

२: ब. कुलूप ज्याचं, काढायचं त्यानेच. तो आवारात नाही याची खात्री आणि त्याच्याशी संपर्काचा प्रयत्न झाल्यावरच, ठरलेल्या लेखी पद्धतीने, इन्चार्ज ते काढू शकतो. तो परत कामाला लागण्याआधी त्याला हे सांगितलंच पाहिजे.

३: क. धोका मुळात कमी करणं पहिलं, कानात घालायचं साधन शेवटचं. काम हलवेपर्यंत इअरप्लग हवेतच.

४: क. पाणी आणि फोम वीज वाहून नेऊ शकतात. आग वाढली तर थांबू नका, बाहेर पडा.

५: आगीच्या बुडाशी, पिन काढून, नळी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरवत.

६: ब. चार मीटर उंचीला एक मीटर, म्हणजे साधारण ७५ अंश.

७: पहिल्या भागात तीन गोष्टी हव्यात, प्रत्येकी १ गुण. लगेच आयवॉशवर नेणं. पापण्या उघड्या धरून किमान १५ मिनिटं धुणं. धुता धुता दुसऱ्याला वैद्यकीय मदत बोलवायला लावणं. द्रव कुठलं ते शोधण्यासाठी धुणं थांबवायचं नाही. आम्ल असेल असं समजून त्यावर अल्कली ओतायची नाही. दुसऱ्या भागात दोन गोष्टी: रसायन कधीही पिण्याच्या बाटलीत ओतायचं नाही, आणि ज्या डब्यात ओतलं त्यावर नाव व धोक्याचं लेबल हवं.

८: ब. उतारावर लोड पुढे असला तर तो फोर्कवरून सुटू शकतो आणि गाडी पुढच्या बाजूला कलंडू शकते. उतारावर वळायचं नाही.

९: जागा अडवून लोकांना दूर ठेवणं, सुपरवायझरला सांगणं, पॅलेट आणि रॅक तसेच ठेवून फोटो काढणं, नियर मिसचा फॉर्म त्याच शिफ्टमध्ये भरणं. प्रत्येकी १ गुण. "कुणाला लागलं नाही" म्हणून फॉर्म न भरणाऱ्याला चौथा गुण नाही. रॅकची पिन सुटली होती की पॅलेटची फळी तुटली होती, ते आज कळलं तरच उद्या त्याखाली उभा राहणारा वाचेल. या फॉर्मवरून कुणावरही कारवाई होत नाही.

२० पेक्षा कमी गुण मिळाले किंवा पहिल्या दोनपैकी एक चुकला, तर सात दिवसांत पुन्हा चाचणी होईल. तोपर्यंत मशीन उघडायचं आणि फोर्कलिफ्ट चालवायचं काम सोबतीशिवाय करायचं नाही. दुसऱ्यांदाही राहिलं, तर कागदावरची तिसरी चाचणी नाही: ट्रेनरसमोर बंद कन्व्हेअरवर कुलूप लावून दाखवायचं. प्रमाणपत्राची मुदत १२ महिने.