दुकान सोपवण्याची यादी

(किराणा दुकान, शनिवार पेठ, कराड. १७ जून ते १७ जुलै २०२५)

मी उद्या आळंदीला निघत आहे. वारी पुरी करून परत येईपर्यंत दुकान मेहुण्यांच्या ताब्यात राहील. नात्यात लिखापढी कशाला, असे घरात कोणाला वाटेल. तरीही प्रत्येक बाब आम्ही दोघांनी समक्ष मोजून, तिच्यापुढे खूण करूनच सह्या करायच्या आहेत.

माल
आज सायंकाळची शिल्लक अशी आहे: साखरेची ३ बंद पोती व उघड्या पोत्यात २२ किलो, कोलम तांदूळ ११० किलो, तूरडाळ ६५ किलो, गोडेतेलाचे ४ डबे, साबुदाणा ४० किलो, वरई २५ किलो, शेंगदाणे ३० किलो. आषाढी एकादशी रविवारी, ६ जुलैला असल्यामुळे उपवासाच्या जिनसांना बुधवारपासूनच गिऱ्हाईक लागते, म्हणून १ जुलैला घाऊक व्यापाऱ्याकडून आणखी ३० किलो साबुदाणा व १५ किलो वरई मागवावी. गोदामाच्या मागच्या भिंतीला ओल येते. गेल्या पावसाळ्यात साखरेचे एक पोते माझ्याच आळसाने पाघळले. पोती फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत. नवा माल आला की जुना पुढे ओढावा.

किल्ल्या
शटरच्या २, गोदामाची १, गल्ल्याची १. गोदामाचे कुलूप डावीकडे फिरवल्यावर उघडते.

रोकड व उधारी
गल्ल्यात ५,००० रुपये सुटे ठेवले आहेत: शंभराच्या १५, पन्नासच्या २०, वीसच्या ५० व दहाच्या १०० नोटा आणि ५०० रुपयांची नाणी. रोज रात्री एवढीच रक्कम गल्ल्यात ठेवून उरलेली तारखेच्या पाकिटात घालून घरी तुमच्या ताईकडे द्यावी. क्यूआर कोडचे पैसे माझ्या खात्यात जमा होतात. साउंडबॉक्स बोलल्याखेरीज, मोबाइलवरचा फोटो पाहून माल देऊ नये. उधारीच्या वहीत १४ खाती असून एकूण येणे २३,६४० रुपये आहे. नवे खाते उघडू नये. समोरच्या आजींकडे मात्र मागणी करू नये, पेन्शन झाली की त्या स्वतः येऊन देतात.

रोजचे काम
पहाटे पावणेसहाला दुधाच्या ६० पिशव्या येतात. गाडी जाण्यापूर्वीच मोजून फुटक्या पिशव्या परत द्याव्यात, कारण नंतरची तक्रार कोणी ऐकत नाही. दिवाबत्ती झाल्यावर काटा शून्यावर आहे का, ते पाहावे. दुपारी १ ते ४ बंद, रात्री ९ला शटर. खरेदीची बिले खिळ्याला लावावीत. तिमाही कराची मुदत १८ जुलै असल्याने कर सल्लागारांचा माणूस १० तारखेला ती न्यायला येईल.

चालताना माझा मोबाइल बंद असेल. अडचण असल्यास रात्री ८ ते ९ या वेळेत, मुक्कामी पोहोचल्यावर फोन करावा. दुधाचा भाव बदलला तर मात्र मला न विचारता नवा भाव पाटीवर लिहावा.