चौकशी अहवाल: काटाघरातल्या छळाची तक्रार, जिनिंग-प्रेसिंग युनिट, जिल्हा यवतमाळ

अंतर्गत समिती, दि. 6 मार्च 2026. गोपनीय, फक्त मालक आणि दोन्ही बाजूंसाठी.

आधीच सांगून ठेवते, या कागदात कोणाचंही नाव नाही. नावं वेगळ्या बंद पाकिटात आहेत, कारण कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याचं कलम 16 तसंच सांगतं आणि आपल्या गावात गोष्ट पसरायला चहाची टपरी पुरते. तक्रारदार म्हणजे काट्यावरची कम्प्युटर ऑपरेटर, सीझनपुरती लागलेली. उत्तरवादी म्हणजे खरेदीचे सुपरवायझर, परमनंट.

तक्रार 12 जानेवारीला लेखी आली, शेवटची मोठी घटना 18 डिसेंबरची, म्हणजे तीन महिन्यांच्या मुदतीत. तडजोड करायची का हे तिला विचारलं, ती नाही म्हणाली, विषय तिथंच संपला. उत्तरवादीला 15 जानेवारीला प्रत दिली, त्यांचं उत्तर 27 ला आलं. तिच्या लेखी अर्जावरून चौकशीपुरतं त्यांना मालकांच्याच दुसऱ्या खरेदी केंद्रावर पाठवलं. 31 जानेवारी, 7 आणि 14 फेब्रुवारी अशा तीन बैठका झाल्या, चौघंही सदस्य हजर, वकील कोणाकडूनच नाही. दोघांचे जबाब वेगवेगळे घेतले, समोरासमोर बसवलं नाही, उलट प्रश्न लिहून मागवले आणि आम्ही विचारले. निष्कर्षाची प्रत दोघांना 20 फेब्रुवारीला दिली, त्यांचं म्हणणं आलं ते वाचलं, 28 ला चौकशी बंद केली.

तक्रार काय होती

चार गोष्टी. रात्रीचे व्हॉट्सअॅप मेसेज. नोव्हेंबरमध्ये ऑफिसात खांद्यावर हात ठेवणं. 18 डिसेंबरच्या संध्याकाळी काटाघराचं दार लोटून मनगट धरणं आणि "तुले परमनंट करून देतो, पण माह्यंबी आयकावं लागन" असं म्हणणं. आणि ती नाही म्हणाली म्हणून काट्यावरून सरकीच्या गोडाऊनला टाकणं, वर दोन दिवसांचा पगार कापणं.

पुरावा काय पाहिला

मेसेज तिच्या फोनवरच पाहिले, नुसत्या स्क्रीनशॉटवर भागवलं नाही. 9 नोव्हेंबर ते 20 डिसेंबर एकूण 31 मेसेज, बहुतेक रात्री दहानंतरचे, "लाल ड्रेसमध्ये भारी दिसता", "झोपल्या का", "काट्यावर एक दिवस तुमचंच वजन करू" असले. तिनं सहांना उत्तर दिलं, पाच कामाचे, सहावं "सर प्लीज असे मेसेज नका करू", आणि त्याच्यानंतरही नऊ आले. उत्तरवादी पहिल्या बैठकीत म्हणाले की फोन भाच्याकडं असतो, मी पाठवलेच नाही. दुसऱ्या बैठकीत व्हॉइस नोट लावली तेव्हा आवाज आपलाच असल्याचं कबूल केलं आणि म्हणाले, मस्करी होती. भाच्याला बोलवा म्हटलं तर तो आलाच नाही.

18 डिसेंबरचं जरा सविस्तर सांगावं लागेल. काटाघरात कॅमेरा नाही, गेटवरच्या कॅमेऱ्यात फक्त दार दिसतं, आवाज नाही. डीव्हीआरमध्ये रेकॉर्डिंग 30 दिवस राहतं, तक्रार आली तो पंचविसावा दिवस होता, म्हणून त्याच संध्याकाळी कॉपी काढून सील केली. कॅमेऱ्याचं घड्याळ 11 मिनिटं पुढं आहे, हे एकाच ट्रॅक्टरची पावती आणि फुटेज जुळवून काढलं. त्या हिशोबानं उत्तरवादी 6:24 ला आत गेले, दार लोटलं गेलं, 6:34 ला बाहेर आले. काट्याची एक पावती 6:22 ची आणि पुढची थेट 6:38 ची, मध्ये काही नाही, आणि बाहेर दोन गाड्या लाइनीत उभ्या दिसतात. सीझनच्या ऐन गर्दीत काटा सोळा मिनिटं उगाच थांबत नाही.

ते म्हणतात मी तेव्हा ढिगावर कापसाचा ओलावा पाहत होतो. ओलाव्याच्या रजिस्टरला त्यांच्या हातची नोंद 6:15 ची आणि 6:50 ची आहे, मधली नाही. त्यांनी आणलेला ड्रायव्हर म्हणाला "साहेब साडेसहाला माह्या गाडीजवळ होते", पण त्याच्या गाडीची गेट एंट्रीच 7:20 ची निघाली.

लाइनीत उभ्या हमालाचा जबाब जसाच्या तसा देते: "दार लोटेल होतं. बाईनं उघडलं तं रडत नोती, पण तोंड उतरलं होतं. पावती देताना हात थरथरे. म्या म्हटलं काय झालं वं ताई, तं थे म्हणे काई नाई." या माणसाला कोणाच्याच बाजूनं बोलून काही मिळणार नव्हतं, उलट सुपरवायझरविरुद्ध बोलल्यानं कामच जाण्याची भीती. गोडाऊनच्या एका बाईनं सांगितलं की त्याच रात्री तक्रारदारानं फोन करून सगळी हकिकत सांगितली होती, कॉल लॉगमध्ये 9:10 चा कॉल आहे.

कोणत्या कसोटीवर पाहिलं

हे फौजदारी कोर्ट नाही, म्हणून शंकेला जागाच नको एवढा पुरावा आम्ही मागितला नाही. दोन्ही बाजू ऐकून, कागद पाहून, घडलं असण्याची शक्यता न घडल्यापेक्षा जास्त आहे का एवढंच पाहिलं. मात्र आरोप जड असला की पुरावाही तसाच बारीक पाहावा लागतो, माणसाच्या नोकरीचा प्रश्न आहे. ती उशिरा का बोलली, हा प्रश्न उत्तरवादीनं तीनदा विचारला. सीझनची नोकरी, घरी एकटी कमावती, आणि ज्याच्याविरुद्ध बोलायचं तोच ड्युटी लावतो, आम्हाला यात नवल वाटलं नाही.

निष्कर्ष

मेसेज सिद्ध. नको म्हटल्यावरही पाठवले, म्हणून मस्करीचं म्हणणं टिकत नाही. 18 डिसेंबर सिद्ध, आणि परमनंट करण्याचं आमिष असल्यानं कलम 3 मध्येही बसतं.

खांद्यावर हात ठेवल्याची गोष्ट सिद्ध झाली नाही. साक्षीदार नाही, तारीख तिलाही नक्की आठवत नाही. म्हणून ती खोटं बोलली असा अर्थ कोणी काढू नये, कलम 14 इथं लागत नाही.

ड्युटी बदल सूडानं केला हे सिद्ध, कारण 21 डिसेंबरचा आदेश उत्तरवादीच्या सहीचा आहे आणि कारणाची जागा कोरी आहे. पगार कापला तो मात्र अकाउंट्सच्या हजेरीतल्या घोळानं, त्या महिन्यात आणखी चौघांचा तसाच कापला गेला. तो भाग उत्तरवादीवर टाकत नाही.

तिची वजनातली गडबड मी पकडली म्हणून ती सूड घेते, हा उत्तरवादीचा उलट आरोप. काट्याच्या पावत्या आणि गेट रजिस्टर तपासलं, काही निघालं नाही.

शिफारस

उत्तरवादीला सुपरवायझर पदावरून काढावं, दोन वार्षिक वेतनवाढी रोखाव्या, लेखी माफी आणि सेवापुस्तकात ताकीद. जिथं महिला त्यांच्या हाताखाली नसतील अशाच जागी काम द्यावं, समुपदेशन सक्तीचं. तक्रारदाराला 40,000 रुपये भरपाई, उत्तरवादीच्या पगारातून चार हप्त्यांत. बाहेरच्या सदस्या नोकरीवरूनच काढा या मताच्या होत्या, त्यांचं म्हणणं सोबत जोडलंय. बाकी तिघांना वाटलं की आधीची एकही तक्रार नसताना तेवढं टोकाला जाऊ नये, पण पुन्हा असं झालं तर थेट बडतर्फी.

तक्रारदाराला काट्यावर परत घ्यावं, पुढच्या सीझनला डावलू नये, कापलेले दोन दिवस भरून द्यावे. तिला पोलिसात जायचं असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 75 आहे, मालकानं मदत करायचीच आहे, अडवायचं नाही. हमाल साक्षीदाराचं काम सुटलं तर ती बाब समिती स्वतः उचलेल.

काटाघराच्या दाराला काच बसवा, अंधार पडल्यावर तिथं दोन माणसं ठेवा, समितीची नावं आणि नंबर बोर्डावर लावा, आज तिथं मागच्या वर्षीचा सरकीचा भाव चिकटवलेला आहे. चौकशी चालू असताना ऑफिसातल्या एकानं तक्रारीची गोष्ट बाहेर सांगितली हे त्यानंच मान्य केलंय, नियम 12 प्रमाणे त्याच्याकडून 5,000 रुपये वसूल करावे.

मालकांनी 60 दिवसांत कारवाई करून समितीला कळवायचं. शिफारस मान्य नसेल त्याला 90 दिवसांत अपील करता येईल.

सही: अध्यक्षा आणि तीन सदस्य