माठातल्या पाण्याचा बर्फ का होत नाही?

मार्चचा पहिला आठवडा. सकाळची शाळा सुरू व्हायला अजून आठ-दहा दिवस होते आणि कसबा पेठेतल्या त्या शाळेच्या व्हरांड्यावरचे पत्रे बारा वाजताच तापायला लागले होते. सातवी 'ब'च्या वर्गात जगताप बाई बाष्पीभवन शिकवत होत्या. प्रत्येकाच्या मनगटावर कापसाने थोडं स्पिरिट लावून झालं होतं.

"गार लागलं ना? उडताना ते हाताची उष्णता घेऊन गेलं. माठाचंही असंच. पाणी मातीतून पाझरतं, बाहेरून उडतं आणि आतलं पाणी गार होतं."

मुलं वहीत उतरवून घेत होती. आरतीचं पेन थांबलं होतं. मंडईत आईबरोबर भाजीच्या गाळ्यावर बसणारी ही मुलगी वर्गात फारशी बोलत नसे.

"बाई, पाणी सारखं उडत राहतं, म्हणजे माठ सारखा गार होत राहतो. मग दोन दिवस ठेवला तर पाण्याचा बर्फ का नाही होत?"

मागची दोन-तीन मुलं हसली. बाई हसल्या नाहीत. 'अगं, तेवढं गार होत नाही' हे वाक्य त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण ते उत्तर नव्हतं, आरतीचाच प्रश्न उलटा करून तिला परत देणं होतं. त्यांनी खडू खाली ठेवला.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

वर्ग एकदम शांत झाला. बाईंनी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात तारीख घातली, खाली आरतीचा प्रश्न तिच्याच शब्दांत लिहिला, भोवती चौकट आखली आणि वर 'पुसू नये' असं लिहिलं. मग चिठ्ठ्या वाटल्या. "आज घरी कुणाला विचारायचं नाही. तुम्हाला काय वाटतं ते लिहा आणि डब्यात टाका. नाव घालू नका." नाव नसलं की मुलं खरा अंदाज लिहितात. नाहीतर सगळा वर्ग पहिल्या नंबरवाल्याचंच उत्तर लिहून मोकळा होतो.

अडतीस चिठ्ठ्यांमधून तीन वेगळे अंदाज निघाले. पहिला, माती थोडंच पाणी बाहेर सोडते म्हणून. दुसरा, माठात पाणी फार असतं म्हणून. तिसरा एकाच चिठ्ठीवर होता : बाहेरची गरम हवा माठाला परत तापवते.

"आता यातलं काय मोजता येईल?" बाईंनी विचारलं. अर्ध्या तासाच्या वादावादीनंतर ठरलं की दोन गोष्टी मोजायच्या : पाणी किती गार होतं आणि किती उडतं.

ओंकारचं घर कुंभारवाड्यात. दुसऱ्या दिवशी त्याने पाच लिटरचे दोन माठ आणले, एक कोरा आणि एक घरातला तीन वर्षं वापरलेला. आजोबांचा निरोपही आणला : मातीत राख आणि लीद मिसळतात, त्यातली लीद भट्टीत जळून जाते आणि तिच्या जागी बारीक छिद्रं राहतात. जुन्या माठाची छिद्रं पाण्यातल्या क्षारांनी बुजतात, म्हणून तो कमी पाझरतो. तिसरं भांडं स्टीलची कळशी. तिला छिद्रंच नाहीत, तेव्हा माठांची तुलना तिच्याशी करायची. पोषण आहाराच्या खोलीतून पाच ग्रॅमचाही फरक दाखवणारा काटा आला आणि प्रयोगशाळेतून चार थर्मामीटर.

पहिला दिवस पुरता फसला. कोऱ्या माठाचं वजन साडेतीनशे ग्रॅमने घटलं म्हणून मुलांनी टाळ्या पिटल्या. तेवढ्यात पूर्वाचा पाय सटकला, कारण त्यातलं बरंचसं पाणी उडालं नव्हतंच, माठाखालून झिरपून फरशीवर पसरलं होतं. भट्टीतून आलेला माठ आधी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायला हवा होता. सुका माठ सुरुवातीला नुसतंच पाणी पितो आणि कुठूनही गळतो. त्यात सलीम आकडा नीट दिसावा म्हणून थर्मामीटर पाण्याबाहेर काढून वाचत होता. त्याचे आकडे इतरांशी जुळेनात.

"पण बाई, तो बाहेर काढला की आणखी खाली जातो," आरती म्हणाली. "दोन अंश उतरतो आणि मग वर चढायला लागतो."

सलीमचे आकडे खोडायला निघालेल्या बाई थांबल्या. "खोडू नका. बाजूला 'असं का?' लिहून ठेवा."

सोमवारी पुन्हा मांडणी झाली. भिजवलेले माठ एकेका परातीत ठेवले आणि वजन परातीसकट करायचं ठरलं, म्हणजे झिरपलेलं पाणी परातीतच राहील आणि जे कमी होईल ते उडालेलंच असेल. तिन्ही भांड्यांत टाकीचं 29 अंशांचं पाणी, प्रत्येकी पाच लिटर. तोंडावर झाकण. थर्मामीटर दोऱ्याने बांधून पाण्याच्या मध्यावर लोंबता ठेवला, तळाला टेकू द्यायचा नाही. वाचण्याआधी पाणी काठीने एकदा ढवळायचं, कारण गार पाणी खाली बसतं. डोळा रेषेच्या पातळीत ठेवायचा. दर अर्ध्या तासाला दोघांची पाळी.

साडेअकरापासून साडेचारपर्यंत व्हरांड्यातली हवा 34 अंशांच्या आसपास होती. कळशीतलं पाणी 32पर्यंत तापलं आणि वजन होतं तेवढंच राहिलं. जुना माठ साडेसव्वीसवर आला. नवा माठ पहिल्या दीड तासात साडेतीन अंश उतरला, मग दम लागल्यासारखा हळू झाला, साडेतीनला 23 दाखवले आणि साडेचारलाही 23च. आलेखावरची रेघ जिन्यासारखी उतरली आणि शेवटी ओट्यासारखी सपाट झाली. वजन मात्र शेवटच्या तासातही घटतच होतं.

बाई त्या शेवटच्या दोन आकड्यांकडे बघत राहिल्या. पाणी उडतंय, पण गार होत नाहीये. पाझर चालूच होता, म्हणजे माती पाणी अडवते हा पहिला अंदाज पुरत नव्हता. दुसऱ्या अंदाजाने पाणी हळू गार झालं असतं, एकाच आकड्यावर थांबलं नसतं.

मंगळवारी त्यांनी फळ्यावर हिशोब मांडला. एक ग्रॅम पाणी एक अंशाने गार करायला एक कॅलरी काढावी लागते. एक ग्रॅम पाणी उडतं तेव्हा सुमारे 580 कॅलरी घेऊन जातं. नव्या माठात 5,000 ग्रॅम पाणी 6 अंशांनी गार झालं.

"तीस हजार कॅलरी," ओंकार म्हणाला.

"भागिले 580?"

"बावन्न ग्रॅम. जवळजवळ."

"आणि काट्यावर किती उडालं?"

"दीडशे."

"मग उरलेल्या अठ्ठ्याण्णव ग्रॅमने काय केलं?"

माठाची मातीही थोडी गार झाली असेल, सलीम म्हणाला. बाईंनी मान डोलावली. दोन किलो मातीला पाण्याच्या मानाने फारच थोडं लागतं. तरीही मोठा आकडा शिल्लक होता. मुलं कुजबुजत होती. आरती आकड्यांवर बोट फिरवत होती.

"बाई, ते बाहेरून येणाऱ्या गरमीवर खर्च झालं," ती हळूच म्हणाली. "गाळ्यावर असंच होतं. दिवसभर पैसे येतात, पण तेवढेच जातात. गल्ल्यात वाढ नाही."

"पण मग सुरुवातीला गार का झालं?" पूर्वाने विचारलं.

याचं उत्तर आलेखात होतं. सुरुवातीला पाणी 29 आणि हवा 34, फरक पाचाचा. पाणी 23ला आलं तेव्हा फरक अकराचा. फरक वाढला की हवेतली उष्णता दुपटीने आत शिरते. शिवाय गार पाणी हळू उडतं, हे त्या अर्ध्या तासांच्या वजनांमध्येच दिसत होतं. एकीकडे जमा वाढत जाते, दुसरीकडे खर्च आटत जातो. जिथे दोन्ही सारखे होतात तिथे माठ थांबतो. तिसरी चिठ्ठी कुणाची होती ते कुणी विचारलं नाही. आरतीने खाली बघितलं.

आता सलीमच्या 'असं का?'ची पाळी. जुन्या सुती साडीचा तुकडा खळ जावी म्हणून उकळून आणला होता. बोटभर पट्टी थर्मामीटरच्या फुग्यावर गुंडाळली, दोऱ्याने बांधली आणि पाण्यात बुडवून काढली. सलीमने पुठ्ठ्याने वारा घालायला सुरुवात केली. 29, 26, 23, 21, 20. आणि थांबला. त्याने हात बदलला, जोर वाढवला. 20च. कापड ओलं होतं आणि पाणीही उडत होतं, पण 20च्या खाली यायला थर्मामीटर तयार नव्हता. जोराचा वारा वाफ लवकर नेतो, तशी गरम हवाही जास्त आणतो. फुंकर घालून जेवढं मिळवावं तेवढं परत द्यावं लागतं.

माठाचा ओटा 23चा आणि कापडाचा 20चा. माठाला पुठ्ठ्याचा वारा नव्हता आणि तापल्या पत्र्याची धगही त्याच्यावर होती. पण तळ कुठे आहे ते पाच मिनिटांत सगळ्यांनी बघितलं.

पूर्वाचे आजोबा शिवाजीनगरच्या हवामान खात्यातून निवृत्त झालेले. 1928मध्ये सिमल्याहून कचेरी पुण्यात आली, म्हणून जुने पुणेकर त्या इमारतीला अजून सिमला ऑफिसच म्हणतात. गुरुवारी ते आले आणि कापड बांधलेला थर्मामीटर बघून त्यांना आनंद झाला. "हाच आमचा ओला थर्मामीटर. पांढऱ्या झडपांच्या पेटीत एक कोरडा आणि एक ओला, शेजारी शेजारी. दोघांमधल्या फरकावरून हवेतला दमटपणा काढतो. कापड मळलं की आकडा चुकतो, म्हणून ते वरचेवर बदलायचं."

"मग बर्फ कधीच नाही?" आरती.

"हवाच मुळात पाच अंशांवर असेल आणि अगदी कोरडी असेल, तर ओला थर्मामीटर शून्याच्या खाली जातो. पुण्यात दुपारी चौतीसला नाही जायचा."

बाईंनी चौकटीतल्या प्रश्नाखाली उत्तर लिहायला सांगितलं. मुलांनी चार वाक्यं केली, त्यातलं एक खोडलं, दोन जोडली. मग आरती पुन्हा उभी राहिली. "बाई, पावसाळ्यात हवाच ओली असते. तेव्हा दोन्ही थर्मामीटर काय दाखवतील?"

"तुझा अंदाज?"

"जवळजवळ सारखंच."

"चिठ्ठीवर लिही."

तिने लिहिलं, घडी घातली आणि डब्यात टाकली. बाईंनी झाकणावर 'जुलै' अशी पट्टी चिकटवली.

"पण तेव्हा आम्ही आठवीत असू," सलीम म्हणाला.

"आठवीचा वर्ग वरच्या मजल्यावर आहे," बाई फळा पुसत म्हणाल्या. "परात घेऊन जिना चढता येतो ना?" कोपऱ्यातली चौकट त्यांनी तशीच ठेवली.