प्रत्यारोपणानंतरचे आहार मूल्यमापन : दहावा आठवडा

दिनांक : 11 फेब्रुवारी 2025
रुग्ण : पुरुष, वय 46, तासगाव. बेदाण्याच्या अडतीवर दिवाणजी.
प्रत्यारोपण : 3 डिसेंबर 2024, मूत्रपिंड आईचे (वय 68). त्याआधी सव्वा वर्ष डायलिसिस.
हजर : रुग्ण, त्यांची पत्नी, आई.
पाठवण्याचे कारण : झपाट्याने वाढलेले वजन, पोटॅशियम 5.6.

सध्याची औषधे : टॅक्रोलिमस सकाळी 8 आणि रात्री 8, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन 10 मिग्रॅ सकाळी (घरी जाताना 20 होते), को-ट्रायमॉक्साझोल रोज एक, अॅम्लोडिपिन.

तपासण्या : क्रिएटिनिन 1.3, पोटॅशियम 5.6, बायकार्बोनेट 19, फॉस्फरस 2.3, मॅग्नेशियम 1.6, हिमोग्लोबिन 10.4, एचबीएवनसी 6.0. रक्तदाब 136/84.

वजन

उंची 166 सेंमी. डायलिसिसवरचे कोरडे वजन 58 किलो, घरी जाताना 58.5, आज 65.8. बीएमआय 23.9, कंबर 92 सेंमी. पायावर बोट दाबले तर खड्डा पडत नाही, म्हणजे वाढीत पाण्याचा वाटा फारसा नसावा. चेहरा गोल झाला आहे. तो बराचसा स्टिरॉइडचा परिणाम आहे, डोस उतरेल तसा कमी होईल.

सगळीच वाढ वाईट नाही. डायलिसिसच्या काळात तोंडाला चव नव्हती, अंगावरचे मांस उतरले होते. मात्र आज हाताची पकड 24 किलो भरली. या वयाच्या पुरुषाला ती कमी आहे. खुर्चीतून उठताना मांडीला हात लावावा लागतो. वजन आले ते पोटावर, स्नायूंवर नाही. त्यामुळे "जेवण अर्धे करा" असा सल्ला इथे चुकीचा ठरेल.

भूक स्टिरॉइडची आहे, हे कुटुंबाला नीट सांगितले. रात्री अकराला पोटात आग पडते आणि डबा उघडला जातो. डब्यात डिंकाचे लाडू असतात, कारण "पोराला भरून यायला पाहिजे". आईंचे म्हणणे : "माझी किडनी दिलीया, आता त्याला उपाशी कसा ठेवू?" त्यावर वाद घातला नाही, लाडवाऐवजी काय द्यायचे ते पुढे लिहिले आहे. एका नातेवाइकाने वजनासाठी स्टिरॉइडची गोळी एक दिवसाआड घ्यायला सुचवले होते. तसे अजिबात करायचे नाही. डोस फक्त डॉक्टर बदलतील.

रोजचे खाणे (तीन दिवसांच्या आठवणीवरून)

पहाटे रात्रभर भिजवलेला मूठभर बेदाणा आणि त्याचे पाणी. सातला दोन चमचे साखरेचा चहा, खारी. नऊला पोहे किंवा उपमा, भरपूर. अकराला अडतीवर एक शहाळे. दीडला दोन भाकरी, भाजी, आमटी, ताटभर भात, ताक, खर्डा. साडेचारला चहा, फरसाण, कधी भेळ. सातला "वजन वाढतंय म्हणून" टोमॅटोचे सूप, तीन-चार टोमॅटोंचे. आणि साडेनऊला नेहमीचे पूर्ण जेवण. सूप जेवणाऐवजी घ्यायचे होते, ते जेवणाच्या आधीचे झाले. नंतर हळददूध, लाडू. अंडी आठवड्यातून दोनदा, मटण रविवारी.

अंदाजे 2,700 कॅलरी, प्रथिने 60 ग्रॅमच्या आसपास, पोटॅशियम सुमारे 4,900 मिग्रॅ. म्हणजे कॅलरी जास्त आणि प्रथिने कमी. पाणी मात्र दिवसाला दीड लिटरही होत नाही, कारण डायलिसिसवर असताना लागलेली मोजून पिण्याची सवय अजून सुटलेली नाही.

पोटॅशियम

हा अहवाल आल्यावर घरात पुन्हा डायलिसिसचा तक्ता भिंतीवर लागला. डाळ बंद, भाज्या दोनदा उकळून, दूध अर्धा कप. तो तक्ता आज काढायला सांगितला. फॉस्फरस 2.3 असलेल्या माणसाचे दूध आणि डाळ तोडणे म्हणजे उलटा उपचार.

पोटॅशियम कुठून येते ते पाहिले, तर निम्मे चारच गोष्टींतून येते :

शहाळे. 300 मिली पाण्यात सुमारे 750 मिग्रॅ.
टोमॅटो सूप. जवळजवळ 700.
बेदाणा. मूठभरात 225 च्या आसपास. भिजवल्याने पोटॅशियम पाण्यात उतरते खरे, पण ते पाणीही प्यायले जाते. वर साखर 20 ग्रॅमहून जास्त.
आणि मीठ. पत्नीने रक्तदाबासाठी "लो सोडियम" मीठ आणले आहे. पाकीट आज सोबत होते. त्यावर पोटॅशियम क्लोराइड 30 टक्के. यांच्या वाट्याला दिवसाला 5 ग्रॅम मीठ धरले तरी त्यातून 780 मिग्रॅ. हे पाकीट घरात ठेवूच नये. साधे मीठ, दिवसाला सपाट एक चमचा, त्यात सगळा स्वयंपाक. खर्डा, लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठही त्यातच मोजायचे.

एवढे चार बंद केले की आकडा 2,500 पर्यंत येतो. पोटॅशियम 5 च्या खाली येईपर्यंत केळी, चिकू, रताळे, बटाटा, पालकही टाळावे. डाळ, ज्वारी, दुधी, दोडका, कोबी, गवार, कांदा नेहमीप्रमाणे. भाजी उकळून पाणी ओतायची गरज नाही. फळ दिवसाला एक : सफरचंद, पेरू किंवा पपईची फोड. सध्या हंगाम आहे म्हणून द्राक्षे दहा-बारा, धुऊन. घडच्या घड नव्हे.

डॉक्टरांसाठी : दोष सगळा आहाराचा नसावा. टॅक्रोलिमस आणि को-ट्रायमॉक्साझोल दोन्ही पोटॅशियम वाढवतात, बायकार्बोनेटही 19 आहे. नमुना फेरतपासणीसाठी आज पुन्हा घेतला आहे. ईसीजी आणि औषधांबाबत आपला निर्णय व्हावा. पुढच्या वेळी आकडा उतरला नाही, तर आहार आणखी आवळण्याआधी औषधांकडे पाहावे, ही विनंती.

साखर

रुग्णाच्या फाइलीत "शुगर नॉर्मल" असे लिहिलेले आहे, कारण आजवर उपाशीपोटीच तपासली गेली. घरच्या ग्लुकोमीटरवर तीन दिवस मोजायला सांगितले होते. उपाशीपोटी 96, 102, 94. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी 214, 232, 198. रात्रीच्या जेवणाआधी 176, 168, 181.

सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनचा हा नेहमीचा साचा. दुपारी आणि संध्याकाळी साखर चढते, रात्रीत उतरते. टॅक्रोलिमस इन्सुलिन बनणे कमी करते, म्हणून दोन्ही बाजूंनी ताण आहे. एचबीएवनसी 6.0 वर विसंबू नये. हिमोग्लोबिन अजून सावरते आहे, या काळात तो आकडा खोटा कमी दाखवू शकतो. निदान आणि औषध डॉक्टर ठरवतील. तोवर मोजायची वेळ बदलली : रोज दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी, आठवड्यातून एकदा उपाशीपोटी.

आहार योजना

संदर्भ वजन 62 किलो. कॅलरी 1,900, प्रथिने 75 ग्रॅम, पाणी अडीच ते तीन लिटर. महिनाभर वजन 66 वर थांबवायचे, मग सावकाश उतरवायचे.

नाश्ता भक्कम ठेवावा, कारण तेव्हा साखर कमी असते : एक भाकरी किंवा दोन मुगाची धिरडी, एक पूर्ण आणि दोन पांढरी अंडी, एक कप दूध. चहा बिनसाखरेचा. दुपारी भात आमटीच्या वाटीने एक वाटी, ताटभर नाही. दीड भाकरी, घट्ट वरण दोन वाट्या, भाजी, दही. साडेचारला भाजलेले फुटाणे किंवा वाटीभर शिजवलेली मटकी. रात्री आठचे औषध झाल्यावर नऊला दोन चपात्या, भाजी आणि पनीर, चिकन किंवा उसळ. अकराच्या भुकेसाठी बिनसाखरेचे गरम दूध. डब्यातले लाडू आई आणि नातवंडांत वाटून टाकायचे. नवे करायचे नाहीत. आईंनाही आता एकच मूत्रपिंड आहे, म्हणून त्यांच्या लाडवांवरही मर्यादा असावी, हे हसत हसत सांगितले.

चालणे सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटे, खुर्चीतून हात न लावता उठणे दिवसातून दोनदा दहा वेळा. बेदाण्याच्या पेट्या उचलणे सर्जनने परवानगी दिल्याशिवाय नको.

26 फेब्रुवारीला महाशिवरात्र आहे. यंदा उपवास नको. साबुदाणा, रताळे, बटाटा, शेंगदाणे म्हणजे या माणसासाठी साखर आणि पोटॅशियम दोन्ही. साखरेचे औषध सुरू झाले, तर उपाशी राहणे धोक्याचेच. देवाला नमस्कार करून नेहमीचे जेवण वेळेवर घ्यावे. रुग्णाने मान्य केले, आईंनी विचार करते म्हणाल्या.

अन्नाची स्वच्छता

इथे मला सर्वांत जास्त काळजी वाटते. घरात स्वच्छता चांगली आहे, पण तीन सवयी घातक आहेत.

पहिली, रात्रीचा भात झाकून ओट्यावर ठेवायचा आणि सकाळी फोडणीला टाकायचा. उघड्यावर राहिलेल्या भातात जंतू जे विष तयार करतात ते फोडणीच्या आचेने जात नाही. शिजवलेले अन्न दोन तासांत फ्रीजमध्ये जावे आणि दुसऱ्या दिवशी वाफा येईपर्यंत गरम करून एकदाच खावे. रात्रभर लाइट गेलेली असेल, तर फ्रीजमधले त्यांना देऊ नये.

दुसरी, अडतीवरची भेळ. कच्चा कांदा, कोथिंबीर, चटणी, कुणाच्या हाताची ते माहीत नाही. तिच्याबरोबर उसाचा रस, बर्फ, कापून ठेवलेली फळेही बंद.

तिसरी, मटण आणि कोशिंबीर एकाच विळीवर. मटणासाठी वेगळी सुरी आणि पाट ठेवावा. मटण, चिकन, मासे आतपर्यंत शिजलेले, अंडे कडक उकडलेले. कोशिंबिरीच्या भाज्या वाहत्या पाण्यात धुऊन, सोलून, ताज्या. मोड आलेली कडधान्ये कच्ची नकोत.

विहिरीचे पाणी उकळूनच. घरी उकळलेल्या दुधाचे ताजे दही चालेल. निरसे दूध नाही. सत्यनारायणाचे पंचामृत हातावर घेऊन कपाळाला लावावे, पिऊ नये. जत्रेतले जेवण यंदा नको.

पपनस आणि ग्रेपफ्रूट बंद. रक्तातील टॅक्रोलिमस वाढते. चौकशीत गुळवेलाचा काढा निघाला, "प्रतिकारशक्तीसाठी", गेले दोन आठवडे. आजपासून बंद. प्रत्यारोपणानंतर आपण प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवतो. ती चेतवणारे काही घेतले तर नवे मूत्रपिंड पणाला लागते. शिवाय गुळवेलाने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. यकृताच्या तपासण्या पाहाव्यात, ही डॉक्टरांना विनंती. अश्वगंधा आणि कुठलेही चूर्णही नको.

ताप 100 च्या वर गेला किंवा दिवसात तीनहून जास्त जुलाब झाले, तर त्याच दिवशी युनिटला फोन करायचा. जुलाबात टॅक्रोलिमस वाढते, पाणी कमी पडून क्रिएटिनिनही चढते. मेडिकलमधून आपल्या मनाने गोळी, विशेषतः दुखण्यावरची, घेऊ नये.

पुढील भेट

25 फेब्रुवारी. येताना साखरेची वही, मिठाचे नवे पाकीट आणि दोन दिवसांच्या ताटांचे मोबाइलवरचे फोटो आणावेत. पोटॅशियम या आठवड्यातच, 14 तारखेला, सांगलीत तपासून आकडा युनिटला कळवावा.

आहारतज्ज्ञ, मूत्रपिंड प्रत्यारोपण बाह्यरुग्ण विभाग