आत्या, बँकेच्या ईमेलचं मराठी

सुमनआत्या,

तू पाठवलेला ईमेल नीट वाचला. घाबरण्यासारखं काही नाही. तुझी तक्रार नोंदवली गेलीय, तपास सुरू आहे. खाली अख्ख्या ईमेलचं मराठी केलंय, एकही ओळ गाळलेली नाही. कंसातलं माझं आहे, बँकेचं नाही.

विषय: अयशस्वी एटीएम व्यवहार – रक्कम परत मिळण्याचा दावा

आदरणीय ग्राहक,

आपण १३ जानेवारी २०२५ रोजी सातारा शाखेत दिलेली तक्रार नोंदवण्यात आली आहे. तक्रार क्रमांक: ४०७१९२६.

(हा नंबर पासबुकाच्या मागच्या पानावर लिहून ठेव. शाखेत गेलीस की आधी हाच सांग.)

आपल्या तक्रारीनुसार, ६ जानेवारी २०२५ रोजी सकाळी ११ वाजून ४२ मिनिटांनी आपण राजवाडा परिसरातील दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून १०,००० रुपये काढण्याचा प्रयत्न केला. रोख रक्कम मिळाली नाही, मात्र खात्यातून रक्कम वजा झाली. आमच्या नोंदीत हा व्यवहार 'यशस्वी' दिसत असल्याने रक्कम आपोआप परत आलेली नाही.

('यशस्वी' वाचून तुला संताप येईल, मलाही आला. पण याचा अर्थ बँक तुला खोटं ठरवतेय असा नाही. मशीन दुसऱ्या बँकेचं आहे. तिकडून जे कळवलं गेलं तेच आपल्या बँकेच्या संगणकात उमटलं. नोटा खरंच बाहेर आल्या का, हे त्या मशीनची नोंद आणि आतल्या रोकडीचा हिशोब जुळवल्यावरच कळतं. तुझे पैसे आतच राहिले असतील तर त्यांची रोकड तेवढी जास्त भरेल.)

संबंधित बँकेकडे सदर व्यवहाराची मशीनमधील नोंद, रोकड ताळमेळाचा दाखला व सीसीटीव्ही चित्रण मागवण्यात आले आहे. निर्णय आपणास ३१ जानेवारीपर्यंत कळवण्यात येईल.

तोपर्यंत १०,००० रुपये १५ जानेवारी रोजी आपल्या खात्यात तात्पुरते जमा केले आहेत. ही रक्कम शिल्लकेत दिसेल, परंतु निर्णय होईपर्यंत वापरता येणार नाही. दावा मान्य झाल्यास ती मोकळी केली जाईल. अमान्य झाल्यास आपणास कळवून पुन्हा वजा केली जाईल.

(आत्या, हे दोनदा वाच. पासबुकात दहा हजार जमा दिसतील, पण ते अजून तुझ्या हातात आलेले नाहीत. त्यांच्या भरवशावर सोसायटीच्या मेंटेनन्सचा चेक देऊ नकोस. खात्यात दुसरे पैसे पुरेसे नसतील तर तो परत येईल आणि वर बँक दंड लावेल. चेक तारखेला द्यायलाच हवा असेल तर मला सांग, मी भरते. संकोच करू नकोस.)

सोबतचा दावा अर्ज भरून, सही करून, एटीएमची स्लिप व पासबुकातील संबंधित पानाच्या झेरॉक्ससह २० जानेवारीपर्यंत शाखेत द्यावा. मुदतीत अर्ज न आल्यास दावा बंद करण्यात येईल.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, व्यवहारानंतर ५ दिवसांत रक्कम परत न झाल्यास पुढील विलंबासाठी दररोज १०० रुपये भरपाई देय आहे. दावा मान्य झाल्यावर ती खात्यात जमा होईल.

(हा नियम सप्टेंबर २०१९ चा आहे. तुझे ५ दिवस ११ जानेवारीला संपले. भरपाई बँकेनं स्वतःहून द्यायची असते, वेगळा अर्ज लागत नाही. तरी दावा मान्य झाला की ती आली का ते आपण तपासूच. तो तुझा हक्क आहे, कुणाचे उपकार नाहीत.)

बँक आपला पिन, ओटीपी किंवा कार्डामागील क्रमांक कधीही विचारत नाही.

आपली विश्वासू,
ग्राहक तक्रार निवारण कक्ष

ईमेल इथे संपला. शेवटच्या ओळीबद्दल मात्र कळकळीनं सांगते. "तुमचा रिफंड अडकलाय, ओटीपी सांगा" असा फोन आला तर समोरचा कितीही गोड बोलला, तक्रार क्रमांकही बरोबर सांगितला, तरी फोन ठेव आणि मला लाव. पैसे जमा व्हायला ओटीपी लागत नाही. कुणी पाठवलेली लिंकही उघडू नकोस.

मी शनिवारी सकाळी पुण्याहून येते. १८ तारीख, तिसरा शनिवार, म्हणजे बँक चालू आहे. अर्जाची प्रिंट आणते, तू फक्त सही कर, आणि ती खात्यावर आहे तशीच कर. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय आपण तिथून उठायचं नाही. तक्रारीला ३० दिवस झाले आणि बँकेनं उत्तर दिलं नाही, किंवा नकार दिला आणि तो पटला नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला फी नाही, वकीलही लागत नाही.

ती स्लिप जपून ठेवली आहेस ना? तिच्यावरची अक्षरं लवकर पुसट होतात. आजच उजेडात धरून फोटो काढ आणि मला पाठव.

तुझी,
मीरा